अरबी औषधपत्रकातल्या सूचना मावशीसाठी मराठीत उतरवताना

मावशीचं मनगट मोडलं ते मस्कतला, मुलाच्या घरी. हाडं ठिसूळ झाली आहेत म्हणून तिथल्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची ७० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. अ‍ॅलेन्ड्रोनिक अ‍ॅसिड हे तिचं औषधी नाव. चिपळूणला परतताना तीन महिन्यांच्या बारा गोळ्या बॅगेत घालून दिल्या. खोक्यातलं माहितीपत्रक मात्र फक्त अरबीत होतं. मुलाच्या ओळखीच्या कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो बघून मजकूर तोंडी सांगितला, सुनेने तो वहीत उतरवला. वहीत ओळ होती, ‘गोळी घेतल्यावर ३ मिनिटं झोपू नये.’

पत्रकात ३० मिनिटं होती.

मावशी पहाटे उठायची, गोळी घ्यायची, पाच मिनिटं खाटेवर बसायची आणि पुन्हा पाठ टेकायची. तिसऱ्या आठवड्यात छातीत जळजळ सुरू झाली, घास गिळताना दुखायला लागलं. ही गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथल्या अस्तराला इजा करते, आडवं झाल्यावर पोटातून वर आली तरीही करते. म्हणून तर त्या अर्ध्या तासाची अट आहे. चिपळूणच्या डॉक्टरांनी गोळी लगेच थांबवली, तपासण्या केल्या आणि काही आठवड्यांनी पुन्हा सुरू करायला सांगितली. तेव्हा पत्रक माझ्याकडे आलं. मस्कतमध्ये मी अकरा वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरवर काढली आहेत, त्यामुळे अशा पत्रकांची सवय आहे. मावशीसाठी ते मराठीत कसं उतरवलं, कुठे थांबून दोनदा पाहिलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी गोळी कोणती ते पक्कं करा

खोका, गोळ्यांची पट्टी आणि पत्रक तिन्ही शेजारी शेजारी ठेवा. पत्रक आधी उलटून पाहा. आखाती देशांतल्या पुष्कळ पत्रकांच्या एका बाजूला अरबी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी असतं. तसं असेल तर तुमचं निम्मं काम झालं, कारण दोन्ही बाजू ताडून पाहता येतात. अरबीच असेल तर पट्टीवर छापलेलं औषधी नाव शोधा. ते बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरांतही असतं, आणि व्यापारी नावापेक्षा तेच महत्त्वाचं. त्या नावावरून त्याच औषधाचं, त्याच ताकदीचं इंग्रजी माहितीपत्रक ओळखीच्या केमिस्टकडून मिळवता येतं. भाषांतर अरबीवरूनच करायचं, पण प्रत्येक आकडा त्या इंग्रजी पत्रकाशी जुळतो का ते पाहायचं.

ताकद जुळवायची कारण एकाच पत्रकात दोन ताकदींच्या सूचना असू शकतात. हेच औषध १० मिलिग्रॅमच्या गोळीतही येतं आणि ती रोज घ्यायची असते. ७० ची आठवड्यातून एकदा. घाईत १० चा परिच्छेद ७० च्या खोक्यासाठी उतरवला, तर मावशी आठवड्याची गोळी रोज घेईल. अरबीत ‘रोज’ म्हणजे ‘यौमिय्यन’ आणि ‘दर आठवड्याला’ म्हणजे ‘उस्बूइय्यन’. दोन्ही शब्दांची शेपटी सारखी दिसते, फरक सुरुवातीला असतो. ‘उस्बूइय्यन’ उभ्या रेघेसारख्या ‘अलिफ’ या अक्षराने सुरू होतो, ‘यौमिय्यन’ खाली दोन ठिपके असलेल्या ‘य’ने. शब्दाचं डोकं पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पत्रक हा सर्वसाधारण मजकूर असतो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं त्याहून वेगळं असेल तर आपण निवाडा करायचा नाही. दोन्ही शेजारी लिहून डॉक्टरांना फोन करायचा.

आकडे: मराठी डोळा इथे हमखास फसतो

अरबी मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, पण त्यातली संख्या आपल्यासारखीच डावीकडून उजवीकडे वाचायची. सत्तरमधला सात डावीकडे आणि शून्य उजवीकडेच असतं. हे एकदा डोक्यात बसलं की राहतो तो आकड्यांच्या आकाराचा प्रश्न.

अरबी शून्य म्हणजे फक्त एक टिंब. आणि अरबी पाच म्हणजे छोटं वर्तुळ, थेट आपल्या शून्यासारखं. ‘५ मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं तिथे मराठी वाचणाऱ्याला शून्य दिसतं, आणि ‘५०’ लिहिलेलं असतं तिथे शून्य आणि पुढे पूर्णविराम दिसतो. सहा हा इंग्रजी सातासारखा. सात हा इंग्रजी व्ही अक्षरासारखा, आठ म्हणजे तोच व्ही उलटा केलेला. चार आरशात पाहिलेल्या इंग्रजी तीनसारखा. दोन आणि तीन जुळे भाऊ: उभ्या दांड्याच्या माथ्यावर एकच वळण असेल तर दोन, दोन दाते असतील तर तीन. एक ही साधी उभी रेघ, नऊ इंग्रजी नवासारखाच.

त्यामुळे मावशीच्या खोक्यावरचे ७० म्हणजे व्ही आणि पुढे टिंब. ३० म्हणजे दोन दात्यांचा तीन आणि पुढे टिंब. घोळ झाला तो याच टिंबात. फोटो एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला पाठवला, प्रत्येक वेळी थोडा अस्पष्ट होत गेला, आणि टिंब कागदावरच्या डागासारखं दिसायला लागलं. म्हणून कुणाच्या मार्फत आलेल्या फोटोवरून आकडा कधीच उतरवू नका. कागद हातात घ्या, उजेडात धरा, भिंग वापरा. कागद दूर असेल तर त्या एकाच ओळीचा फोटो जवळून काढायला सांगा, पूर्ण पानाचा नको.

टिंबाची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. अरबी आकड्यांत दशांश चिन्ह साधारण स्वल्पविरामासारखं असतं. दोन आकड्यांच्या मध्ये ओळीच्या मधोमध टिंब दिसलं तर ते दशांश चिन्ह नसून शून्य असण्याची शक्यता जास्त. इथे अंदाज चालत नाही, खोक्यावर किंवा पट्टीवर इंग्रजी आकड्यांत छापलेली ताकद पाहायची.

अरबी व्याकरण तुमची चूक पकडतं

ही गोष्ट मला स्वतःला फार कामाची वाटते. अरबीत ३ ते १० या आकड्यांपुढे वस्तूचं नाव अनेकवचनात येतं आणि ११ ते ९९ पुढे एकवचनात. आपण ‘तीन मिनिटं’ म्हणतो, ‘तीस मिनिटं’ही म्हणतो, शब्द बदलत नाही. अरबीत तीन मिनिटं म्हणजे ‘सलास दकाइक’, पण तीस मिनिटं म्हणजे ‘सलासीन दकीका’. आकड्यातलं टिंब पुसलं गेलं तरी पुढचा शब्द खरं सांगतो. ‘दकाइक’च्या पोटात उभी अलिफ दिसते. ‘दकीका’त अलिफ नसते आणि शब्द डोक्यावर दोन ठिपके असलेल्या गोल अक्षराने संपतो. मावशीच्या पत्रकात शब्द होता ‘दकीका’. म्हणजे तिथे तीन असूच शकत नव्हता. फोटो कितीही अस्पष्ट असो, हे एवढं कुणी पाहिलं असतं तर मावशीचे ते तीन आठवडे वाचले असते.

दिवसांचंही तसंच. सात दिवस म्हणताना ‘अय्याम’ येतं, चौदा दिवस म्हणताना ‘यौमन’. अँटिबायोटिकच्या पत्रकात याचा चांगला उपयोग होतो.

दोनाची गोष्ट आणखी वेगळी. अरबीत दोन वस्तूंसाठी आकडा लिहायची गरजच नसते, शब्दाच्या शेवटी ‘ऐन’ लागतं. ‘कुर्स’ म्हणजे एक गोळी, ‘कुरसैन’ म्हणजे दोन गोळ्या. ‘मर्रा’ म्हणजे एकदा, ‘मर्रतैन’ म्हणजे दोनदा. ‘हब्बा’ आणि ‘हब्बतैन’ही तसंच. पानावर फक्त आकडे शोधत गेलात तर दिवसातून दोनदा घ्यायचं औषध एकदाच लिहिलं जाईल, कारण तिथे आकडाच नाही. माझी पद्धत अशी: प्रत्येक डोसच्या ओळीत ‘किती’ आणि ‘कितीदा’ हे दोन प्रश्न विचारायचे, आणि उत्तर आकड्यात नसलं तर शब्दाची शेपटी पाहायची.

पत्रकाचे कोणते भाग उतरवायचे

पत्रक लांबलचक असतं, पण त्याची मांडणी ठरलेली असते. ‘दवाई अल-इस्तिमाल’ म्हणजे औषध कशासाठी. ‘मवानि अल-इस्तिमाल’ म्हणजे कोणी घ्यायचं नाही. आपला ‘मनाई’ आणि हा ‘मवानि’ एकाच धातूतून आलेले, त्यामुळे लक्षात राहायला सोपं. ‘तहज़ीरात’ म्हणजे इशारे, ‘जुरआ’ म्हणजे एका वेळचा डोस. ‘आसार जानिबिय्या’ म्हणजे दुष्परिणाम, काही पत्रकांत यालाच ‘आराज़ जानिबिय्या’ म्हणतात. शेवटी बऱ्याचदा एक चौकट असते. तिच्याखाली अरब आरोग्यमंत्र्यांची परिषद आणि अरब फार्मासिस्टांचा संघ यांची नावं असतात. औषध सूचनेविरुद्ध घेणं धोक्याचं, डॉक्टरांना न विचारता उपचार मध्येच थांबवू नये, मुलांच्या हाती लागू देऊ नये, असा तो मजकूर असतो. तो सगळ्या औषधांना सारखाच, म्हणून मी तो पूर्ण उतरवत नाही. मुलांपासून दूर ठेवायची ओळ तेवढी घेते, कारण मावशीच्या घरी तीन वर्षांची नात आहे.

मी दोन कागद करते. एक घरच्यांसाठी, ज्यात पूर्ण भाषांतर: मनाई, इशारे, सगळे दुष्परिणाम. दुसरा मावशीसाठी, एकच पान, मोठ्या अक्षरात. पहिला कागद टाळून फक्त दुसरा केला तर महत्त्वाचं काहीतरी घरच्यांपासूनही लपून राहतं. मावशीला हाडाच्या या गोळीसोबत कॅल्शियमची गोळीही होती. पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं की कॅल्शियम, आम्लपित्ताची औषधं किंवा तोंडाने घ्यायचं दुसरं काहीही निदान अर्धा तास थांबून घ्यायचं, कारण कॅल्शियमबरोबर घेतलं तर हे औषध अंगात नीट शोषलंच जात नाही. वहीत ही ओळ आलीच नव्हती. आता कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर असतं.

मूत्रपिंडाच्या आजाराबद्दलची ओळही पहिल्या कागदावर यायलाच हवी. मूत्रपिंडाचं काम एका मर्यादेखाली गेलेलं असेल तर हे औषध देत नाहीत, आणि पत्रकात ती मर्यादा मिनिटाला ३५ मिलिलिटर अशी दिलेली असते. मावशीला त्या आकड्याचा काहीच उपयोग नाही. पण तिच्या डॉक्टरांना आहे, म्हणून तो तसाच, युनिटसकट उतरवायचा.

‘नये’ आणि ‘नाही’ मधलं अंतर

अरबी पत्रकात सूचनेचा जोर शब्दातच असतो. ‘यजिब’ म्हणजे घ्यायलाच हवं. ‘ला यजूज़’ म्हणजे चालणारच नाही. ‘युफद्दल’ म्हणजे शक्यतो असं करा. मराठीत आपण सगळ्यांना ‘घ्यावे’ आणि ‘घेऊ नये’ लावून मोकळे होतो. ‘झोपू नये’ हे मावशीच्या कानाला ‘मांडी घालून जेवावे’ इतकंच सौम्य लागतं. तिला वाटतं, चांगली सवय आहे, जमलं तर पाळू. म्हणून ‘यजिब’ असेल तिथे मी ‘घ्यायचीच’ लिहिते, बंदी असेल तिथे ‘झोपायचं नाही’ लिहिते, आणि ‘युफद्दल’ असेल तिथेच ‘शक्यतो’ वापरते.

दुसरा खड्डा ‘ला... इल्ला’ या रचनेचा. ‘ला’ म्हणजे नाही, ‘इल्ला’ म्हणजे शिवाय. पत्रकातल्या ओळीचा अर्थ असा: न्याहारी झाल्याशिवाय आडवे होऊ नका. या दुहेरी नकारात कागद वाचणारा अडखळतो, आणि घाईत ‘इल्ला’ सुटला तर वाक्याचा अर्थ उलटा होतो. वयस्कर माणसासाठी असं वाक्य होकारात फिरवून लिहावं: ‘न्याहारी झाल्यावरच पाठ टेकायची.’ या ‘पाठ टेकणे’वर मी मुद्दाम थांबले. पत्रकातला शब्द शरीर पसरून आडवं होण्याचा आहे, फक्त झोप लागण्याचा नाही. ‘झोपायचं नाही’ म्हटलं असतं तर मावशी म्हणाली असती, मी कुठे झोपले, नुसती पडले होते. ‘पाठ टेकायची नाही’ म्हटलं की तिला वाद घालायला जागा राहत नाही.

‘कद’ हा छोटा शब्दही जपून. वर्तमानकाळी क्रियापदाआधी ‘कद’ आला की अर्थ ‘कदाचित होईल’ असा असतो. तो सुटला की ‘पोट दुखू शकतं’चं ‘पोट दुखतं’ होतं, आणि मग वयस्कर माणूस घाबरून औषध घ्यायचंच सोडतो. हेही मी काउंटरवर पाहिलं आहे.

ओळखीचे वाटणारे पण फसवणारे शब्द

आपल्याकडे अरबीतून आलेले शब्द पुष्कळ आहेत. तारीख, वजन, इलाज, मनाई पत्रकात भेटले की बरं वाटतं. पण ‘शराब’ भेटला तर घाबरू नका. अरबी पत्रकात ‘शराब’ म्हणजे सिरप, पातळ औषध. दारूसाठी तिथे ‘कुहूल’ असतं. एका घरी खोकल्याच्या औषधाची बाटली केवळ या एका शब्दामुळे कचऱ्यात गेली होती.

‘फर्त अल-हस्सासिय्या’ म्हणजे अ‍ॅलर्जी. शब्दशः ‘अतिसंवेदनशीलता’ लिहिलं तर मावशीला वाटेल, हळव्या स्वभावाच्या माणसाने गोळी घेऊ नये. ‘हुर्कत अल-मइदा’ म्हणजे शब्दशः पोटाची जळजळ, पण पत्रकाला म्हणायचं असतं छातीत वर चढणारी जळजळ, आंबट ढेकर. ‘अल-मरी’ म्हणजे अन्ननलिका. मावशीसाठी मी ‘घशाखालची नळी’ लिहिलं.

‘अलर्रीक’ मात्र सोन्यासारखा शब्द. शब्दशः ‘लाळेवर’, म्हणजे सकाळी तोंडात काहीही न घालता. त्याला मराठीत ‘अनशापोटी’ इतका चपखल शब्द आहे की ‘रिकाम्या पोटी’ लिहायची गरज नाही. रिकामं पोट दुपारी चार वाजताही असतं. अनशापोटी म्हणजे उठल्यावर, चहाच्याही आधी.

पाण्याची ओळ सरळ दिसते पण नाही. पत्रकात ‘पूर्ण पेला साधं पाणी, खनिज पाणी नको’ अशा अर्थाचं असतं. खनिज पाणी नको कारण त्यातलं कॅल्शियम औषधाला अडवतं. आपल्याकडे मात्र दुकानात मिळणाऱ्या कुठल्याही बाटलीला मिनरल वॉटर म्हणतात. ‘मिनरल वॉटर नको’ एवढंच लिहिलं तर अर्थ भलतीकडे जातो. मी लिहिलं: ‘माठातलं किंवा फिल्टरचं रोजचं साधं पाणी.’ घरी बोअरचं जड पाणी पीत असतील तर ते चालेल का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावं, कारण जडपणा मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळेच असतो. पेला म्हणजे निदान २०० मिलिलिटर. मावशीचं फुलपात्र मी खोकल्याच्या औषधाच्या मापाने भरून पाहिलं, काठोकाठ १८० झालं. मग ‘एक फुलपात्र आणि वर दोन घोट’ असं लिहिलं.

मावशीचा कागद

वार ठरवताना मावशीचे उपास आडवे आले. गुरुवारी आणि शनिवारी तिचा उपास, त्या दिवशी सकाळी ती बराच वेळ काही खात नाही. उपासाच्या दिवशी गोळीनंतरची न्याहारी लांबते आणि ‘आडवं कधी होऊ’ हा प्रश्न उभा राहतो. म्हणून बुधवार धरला. कागदावर शेवटी हे लिहिलं:

मावशी, ही गोळी फक्त बुधवारी. आठवड्यात एकच.
सकाळी उठल्यावर, अनशापोटी. चहा, दूध, दुसरं औषध, काही नाही.
एक फुलपात्र आणि वर दोन घोट साध्या पाण्याबरोबर गोळी अख्खी गिळायची. चावायची नाही, चघळायची नाही, तोंडात विरघळू द्यायची नाही.
साडेसहाला घेतलीस तर सात वाजेपर्यंत बसून किंवा उभी राहायचं. पूजा चालेल, फेरी चालेल. पाठ टेकायची नाही.
सातनंतर न्याहारी कर. न्याहारी झाल्यावरच पाठ टेकायची.
रात्री झोपताना ही गोळी कधीच नाही.
छातीत दुखलं, जळजळ नव्याने सुरू झाली किंवा वाढली, गिळताना दुखलं किंवा अडकलं, तर पुढची गोळी घ्यायची नाही. लगेच सुनेला सांग, डॉक्टरांना फोन.
दात काढायचा असेल तर आधी दाताच्या डॉक्टरांना या गोळीचं नाव सांग.
मांडीत किंवा जांघेत नवीन दुखणं आलं तर अंगावर काढू नको, सांग.

शेवटच्या दोन ओळी पत्रकातल्या दुर्मीळ दुष्परिणामांच्या आहेत, जबड्याच्या हाडाचा आणि मांडीच्या हाडाचा. त्यांची वैद्यकीय नावं मावशीच्या कागदावर घालून काही साधत नाही. पण त्यावर करायची कृती तिला ठाऊक असायला हवी, म्हणून कृती तेवढी घेतली.

तू की तुम्ही हा प्रश्नही किरकोळ नाही. मावशीला मी तू म्हणते, म्हणून कागदही तू म्हणतो. सासऱ्यांसाठी केला असता तर ‘घेतलीत’, ‘सांगा’ केलं असतं. परक्या माणसाच्या भाषेत लिहिलेला कागद घरातली माणसं वाचत नाहीत.

राहिलेली गोळी

पत्रकातला समजून घेताना सगळ्यात जास्त चूक होते तो भाग हाच. अरबी ओळीचा अर्थ असा: डोस विसरलात तर आठवल्यानंतरच्या सकाळी एक गोळी घ्या. ‘ला ततनावल कुरसैन फी नफ्सिल यौम’, एकाच दिवशी दोन गोळ्या घेऊ नका. मग ठरलेल्या वारी, ठरल्याप्रमाणे, पुन्हा आठवड्यातून एक.

हे मावशीला वाक्यात सांगून उपयोग नव्हता. मी तिला दिवस मोजून दाखवले. बुधवारी सकाळी विसरलीस. गुरुवारी दुपारी जेवताना आठवलं. तेव्हा लगेच घ्यायची नाही, कारण अनशापोटी नाहीस. शुक्रवारी सकाळी एक घ्यायची. आणि पुढची? तिने चटकन सांगितलं, ‘पुढच्या शुक्रवारी.’ नाही, पुढच्या बुधवारीच. इथे ती थांबली आणि म्हणाली, ‘म्हणजे मधे पाचच दिवस?’ हो, पाचच. पत्रक तसंच सांगतं. आठवण गुरुवारच्या पहाटेच झाली असती तर काय, हा तिचा पुढचा प्रश्न बरोबर होता. ओळ ‘आठवल्यानंतरची सकाळ’ म्हणते, म्हणून तेव्हाही शुक्रवारच धरला, आणि ते डॉक्टरांकडून खात्री करून घेतलं. हा नियम फक्त या आठवड्याच्या गोळीचा. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळीला तो लावायचा नाही, प्रत्येक पत्रकात तो वेगळा असतो.

उलटं वाचून घ्या

कागद झाल्यावर मी मस्कतच्या एका मैत्रिणीला फक्त माझं मराठी फोनवर वाचून दाखवलं. तिने तिच्या हातातल्या अरबी पत्रकावर बोट ठेवत ओळ न ओळ जुळवली. अरबी येणारं कुणी जवळ नसेल तर निदान इंग्रजी पत्रकाशी तसंच जुळवा. गावातल्या मदरशातले शिक्षक अक्षरं स्पष्ट वाचून दाखवतात आणि टिंबं, शब्दाच्या शेपट्या यांसाठी ती मदत मोठी असते. पण औषधांची आजची परिभाषा त्यांच्या अभ्यासाचा भाग असेलच असं नाही, त्यामुळे अर्थ केमिस्टकडून तपासून घ्यावा.

मग मावशीला विचारायचं. ‘समजलं ना?’ असं विचारलं तर ती हो म्हणणारच. मी विचारलं, ‘येत्या बुधवारी काय काय करशील, सांग बघू.’ तिने सगळं सांगितलं, फक्त चहा गोळीच्या आधी घेतला. ‘बिनदुधाचा आहे गं, तो चालेल ना?’ नाही. कागदावरच्या ‘चहा’ पुढे ‘कोराही नाही’ एवढं मी पेनने लिहिलं.

मस्कतच्या गोळ्या संपल्यावर चिपळूणच्या केमिस्टकडून त्याच औषधाची भारतीय पट्टी आणली. नाव वेगळं, गोळीचा आकार वेगळा. औषधी नाव आणि ७० हा आकडा पट्टीवर जुळवून पाहिला, डॉक्टरांना दाखवली, आणि जुन्या खोक्याचं अरबी पत्रक कागदासोबत टाचून देवघराच्या फळीवर, नातीचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवलं.